182वा दिवस

वाशी, नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात कर सल्ल्याचं काम करणाऱ्याकडे दोन-चार तरी जहाजावरची माणसं असतातच. माझ्याकडे जास्त आहेत, कारण एकाचं काम नीट झालं की तो पुढच्या बोटीवर चार जणांना नंबर देतो. या सगळ्यांच्या तोंडी एक आकडा पक्का बसलेला असतो: 184. वर्षात 184 दिवस जहाजावर काढले की आपण एनआरआय, आणि परदेशी कंपनीच्या पगारावर इथे टॅक्स नाही. नवा पोरगा कॅडेट म्हणून चढतो तेव्हा सीनिअर त्याला इंजिन रूमच्या कामासोबत हा आकडाही शिकवतात.

कायद्यात मात्र 184 हा आकडा कुठेही नाही. कायदा बाहेरचे दिवस मोजत नाही, आतले मोजतो. 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात माणूस भारतात 182 दिवस किंवा त्याहून जास्त राहिला तर तो रेसिडेंट. म्हणजे नॉन-रेसिडेंट राहायचं तर आतले दिवस 181च्या पुढे जाता कामा नयेत. 365मधून 181 वजा केले की 184 उरतात, तिथून तो आकडा आला. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला 60 दिवसांची दुसरी, जास्त कडक कसोटी लागत नाही, म्हणून खलाशांपुरता सगळा खेळ या एका 182वर येऊन थांबतो.

गोष्ट 2024च्या जुलैतली आहे. आर्थिक वर्ष 2023-24ची रिटर्न्स भरायची शेवटची तारीख 31 जुलै, आणि हातात मोजके दिवस उरलेले. खारघरचा एक सेकंड इंजिनिअर, माझा जुना क्लायंट, नुकताच बोटीवरून उतरून घरी आला होता. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या जहाजावरच्या सेवेच्या नोंदपुस्तिकेच्या, पानांचे फोटो, एक तिकीट आणि एक एक्सेल शीट पाठवली. शीट त्याच्या एका बॅचमेटने बनवलेली, ग्रुपवर सगळे वापरतात. खाली मेसेज: "मॅडम, बरोबर 184 आहेत. जरा काठावर आहे, पण झालं."

शीट उघडली. पहिला खंड 1 एप्रिल 2023 ते 28 जून 2023. तो आधीच्या वर्षापासूनच बोटीवर होता आणि 28 जूनला रॉटरडॅमला उतरला. एप्रिलचे 30, मेचे 31, जूनचे 28, असे 89 दिवस. दुसरा खंड 28 डिसेंबर 2023 ते 31 मार्च 2024. डिसेंबरचे 4, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 29, मार्चचे 31, असे 95. बेरीज 184. त्याखाली सूत्र होतं, 365 वजा 184, उत्तर 181, आणि शेजारी हिरव्या रंगात "NRI".

फेब्रुवारीचे 29 त्याने बरोबर धरले होते. पण शीटमधला 365 जुनाच राहिला होता. 2024 हे लीप वर्ष, आणि 29 फेब्रुवारी 2024 हा दिवस आर्थिक वर्ष 2023-24मध्ये पडतो. म्हणजे ते वर्ष 366 दिवसांचं. कायद्यातला 182 लीप वर्षात बदलत नाही, त्यामुळे वाढलेला दिवस बाहेरच्या बाजूनेच भरून काढावा लागतो. त्या वर्षी बाहेरचे दिवस 185 हवे होते. 366मधून 184 गेले, उरले 182. त्या शीटप्रमाणे हा माणूस रेसिडेंट होता.

मी त्याला फोन केला आणि हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "मॅडम, एका दिवसासाठी?"

हो, एका दिवसासाठी. या मोजणीत थोडं कमी, थोडं जास्त असं काही नसतं. 181ला पगारावर शून्य कर आणि 182ला पूर्ण. त्याचा त्या वर्षीचा पगार रुपयांत साधारण 40 लाख होता. नव्या कररचनेत प्रमाणित वजावट धरूनही त्यावर सेससकट 9 लाखांच्या वर कर निघतो, शिवाय अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरला नाही म्हणून व्याज वेगळं. त्याने सहा महिने राबून कमावलेल्या रकमेचा जवळजवळ पाव भाग.

ठाण्याचे माझे सीनिअर, ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली, त्यांना संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, "दहा वर्षांहून जास्त जहाजावर आहे ना तो? मग आरएनओआर होईल. बघ त्यातून काही निघतंय का." आधीच्या दहापैकी नऊ वर्षं नॉन-रेसिडेंट असलेला माणूस रेसिडेंट झाला तरी 'नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट' ठरतो, आणि परदेशात मिळालेलं परदेशी उत्पन्न त्याला लागत नाही. पण आमची अडचण 'परदेशात मिळालेलं' या शब्दांत होती. त्याचा पगार कंपनी थेट वाशीच्या शाखेतल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात जमा करते. पैसे पहिल्यांदा हातात पडतात ते भारतात. 2017च्या एप्रिलमध्ये सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, परिपत्रक काढून सांगितलं की केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून खलाशाचा पगार करपात्र धरू नये. पण ते परिपत्रक नॉन-रेसिडेंट खलाशापुरतंच बोलतं. तो रेसिडेंट ठरला की ही छत्री मिटते, मग त्यापुढे आरएनओआर लिहा नाहीतर न लिहा. तो रस्ता मी तिथेच सोडला. दिवसच पुन्हा मोजायचे, हे ठरलं.

वजाबाकीवर माझा विश्वास नाही. काठावरचं प्रकरण आलं की मी वर्षाचा प्रत्येक दिवस वेगळ्या ओळीत लिहिते. त्या वर्षी 366 ओळी. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पासपोर्ट काय म्हणतो, तिसऱ्यात सीडीसी काय म्हणते, चौथ्यात माझा निर्णय: आत की बाहेर. शेवटी आत आणि बाहेर यांची बेरीज 366 आली पाहिजे. एका नजरेत सोप्या दिवसांचा निकाल लागतो आणि खरा वाद किती ओळींपुरता आहे ते दिसतं. इथे वाद दोनच ठिकाणी होता: जून महिना संपताना आणि डिसेंबर संपताना.

डिसेंबरचा भाग आधी घेतला. ही बोट त्याने न्हावा शेवाला पकडली होती. घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर. 27 डिसेंबरला एजंटची गाडी आली, कागदपत्रं आणि इमिग्रेशनची धावपळ झाली, 28ला तो जहाजावर चढला. सीडीसीत कॅप्टनच्या सहीशिक्क्याने साइन ऑनची तारीख 28 डिसेंबर. पण बोट लगेच निघाली नाही. माल भरून झाल्यावर मुंद्र्याला गेली, तिथून जेबेल अलीकडे. भारताच्या सागरी हद्दीतून ती बाहेर पडली तेव्हा 31 डिसेंबर उजाडला होता.

नुसत्या देहाने पाहिलं तर 28 ते 31 हे चारही दिवस तो भारतातच होता. आयकर कायद्यातल्या 'भारत' या शब्दात जमिनीबरोबर सागरी हद्द आणि वरचं आकाशही येतं. याच कारणाने एकेकाळी खलाशांची फार ओढाताण व्हायची. मग नियम 126 आला. तो भारतीय नागरिक असलेल्या खलाशाला सांगतो की, आंतरराष्ट्रीय वाहतुकीतलं जहाज भारतीय बंदरातून परदेशी बंदराकडे किंवा परदेशी बंदरातून भारतीय बंदराकडे जात असेल, तर सीडीसीत लिहिलेल्या रुजू होण्याच्या तारखेपासून उतरल्याच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या मुक्कामात धरायचा नाही. दोन्ही टोकांच्या तारखा त्या काळातच येतात. त्यामुळे 28 डिसेंबर बाहेर, मुंद्र्याचा धक्का बाहेर, आणि पुढे फेब्रुवारीत हीच बोट फेरीवर परत न्हावा शेवाला लागली, त्याला रेलिंगवरून उलव्याच्या इमारती दिसत होत्या, तेही दिवस बाहेर. या टोकाला पासपोर्ट बघून मोजणी केली असती तर डिसेंबरातले दिवस गेले असते आणि प्रकरण तिथेच संपलं असतं.

तेवढ्यात त्याचा दुसरा फोन आला. आवाजात जीव आला होता. "मॅडम, सापडला एक दिवस! माझा पगार 27 डिसेंबरपासून सुरू झालाय. वेज स्लिपवर आहे. घर सोडलं तेव्हापासून पैसे देतात कंपनीवाले."

खरं होतं ते. बऱ्याच करारांत पगार घरून निघाल्याच्या दिवसापासून लागतो. पण नियम वेज स्लिपचं नाव घेत नाही, कराराचंही नाही. तो सीडीसीतली तारीख म्हणतो. 27च्या रात्री तो खारघरला स्वतःच्या घरी झोपला होता. तो दिवस मी बाहेर दाखवला असता तर उद्या अधिकाऱ्याने सीडीसीचं पान मागितल्यावर पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं, आणि मग उरलेल्या खऱ्या दिवसांवरही कोणी विश्वास ठेवला नसता. मी नाही म्हटलं. तो नाराज झाला, पण वाद घातला नाही.

आता जून. सीडीसीत साइन ऑफ 28 जून, रॉटरडॅम. शीटमध्ये त्याने पहिला खंड तिथेच संपवला होता. पण रॉटरडॅमला बोटीवरून पाय खाली ठेवला म्हणजे माणूस भारतात आला असं होत नाही. नियम 126 काही दिवस वगळायची सोय देतो. जो दिवस मुळातच परदेशाच्या भूमीवर गेला, तो वगळायला कुठल्या नियमाची गरजच नाही, तो भारतात नव्हताच. तिथून पुढे घर गाठेपर्यंतचा हिशोब पासपोर्टचा. सगळे खलाशी सीडीसीच्या तारखा मोजतात आणि प्रवासाचे हे दिवस सोडून देतात, कारण बहुतेक वर्षी त्यांची गरज पडत नाही.

"उतरल्यावर घरी कधी पोहोचलात?" मी विचारलं.

"29लाच. तिकीट पाठवलंय ना."

तिकिटाचा तो मोबाइलवरचा स्क्रीनशॉट होता. अ‍ॅमस्टरडॅम ते दुबई, दुबई ते मुंबई, दोन्हींपुढे 29 जून. 29ला तो मुंबईत उतरला असेल तर तो दिवस भारतातला, आणि आम्ही 182वरच. मग मी वेळा पाहिल्या. दुबईहून सुटण्याची वेळ रात्री 10:35 होती. पोहोचण्याची वेळ स्क्रीनशॉटमध्ये कापली गेली होती.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे रात्रीचे 10:35 म्हणजे इथे 12:05. विमान दुबईच्या धावपट्टीवरून उठलं तेव्हा भारतात 30 जून लागला होता. हे समीकरण कागदावर लिहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठले, खरंच. कारण नुसतं विमान मध्यरात्रीनंतर उतरलं असतं तर मला आकाशाचा विचार करावा लागला असता. कायद्यातल्या भारतात आकाशही आहे, आणि सिंगापूरहून येणारं विमान मुंबईत साडेबाराला उतरत असेल तर अकरा-सव्वाअकरापासून ते आपल्याच देशावरून उडत असतं. व्यवहारात कोणी इतकं ताणत नाही, शिक्क्याची तारीख धरतात. पण काठावरच्या प्रकरणात मला कुठलीही फट उघडी ठेवायची नव्हती. इथे भारतीय वेळेप्रमाणे 29 जूनचा पूर्ण दिवस तो युरोपात, विमानात आणि दुबईच्या विमानतळावर होता.

पण हे झालं तिकिटावरून. तिकीट म्हणजे ठरवलेला प्रवास, झालेला प्रवास नाही. विमान बदलतं, चुकतं, एजंट आदल्या फ्लाइटवर बसवतो. पुरावा हवा तो शिक्क्याचा. त्याने पाठवलेल्या पासपोर्टच्या फोटोत जूनचा शिक्का शोधला तर तो नव्हताच. त्याने नव्या पासपोर्टची पानं पाठवली होती. मधल्या सहा महिन्यांत त्याने पासपोर्ट नवा केला होता आणि जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला.

"जुना कुठे आहे?"

"आईकडे असेल. ती सगळं जपून ठेवते."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, भर पावसात हार्बर लाइनचं वेळापत्रक कोलमडलेलं असताना, आणि सोबत आईलाही घेऊन आला, कारण कपाटातल्या कुठल्या पिशवीत काय आहे हे काकूंनाच माहीत. काकूंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून कोपरा कापलेला जुना पासपोर्ट. मी पान उलटत गेले. युरोपातून बाहेर पडल्याचा स्किपोल विमानतळाचा चौकोनी शिक्का स्पष्ट होता, 29 06 23, कोपऱ्यात छोटंसं विमान. मुंबईचा आगमनाचा शिक्का त्याच्या समोरच्या पानावर, पण एका जुन्या शिक्क्यावर चढलेला. महिना आणि वर्ष वाचता येत होतं. दिवसाचा पहिला आकडा 2 की 3, ते नाही.

पान खिडकीपाशी नेलं. आमच्या ऑफिसातल्या शिकाऊ आर्टिकलने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. जुन्या शिक्क्याची शाई जांभळट होती, नव्याची निळसर काळी. भिंग लावल्यावर दुसरा आकडा आधी सुटला. तो 0 होता. बंद, लांबट शून्य, 9ची शेपटी नाही. पहिला आकडा 2 असता तर तारीख 20 जून झाली असती, आणि 20 जूनला हा माणूस सीडीसीप्रमाणे बोटीवर होता आणि 29ला स्किपोलहून निघत होता. मग ती 30 जूनच. पहिल्या आकड्याकडे बघायची गरजही उरली नाही.

तरी एका शिक्क्यावर थांबायचं नाही म्हणून मी बोर्डिंग पास मागितला. तो त्याने कधीच टाकून दिला होता. पण खलाशांची भरती करणाऱ्या मॅनिंग एजंटकडून प्रवासाची पूर्ण आयटिनररी ईमेलवर आली, तीत दुबई-मुंबई फ्लाइटपुढे पोहोचण्याची वेळ 03:10 आणि त्याला चिकटून बारीक +1. स्क्रीनशॉटमध्ये कापला गेला होता तो हाच +1. बँकेच्या उताऱ्यावरही एक ओळ सापडली: 30 जूनच्या पहाटेचं टॅक्सीचं पेमेंट. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले कागद एकाच पहाटेकडे बोट दाखवत होते.

366 ओळींच्या तक्त्यात मी 29 जूनपुढे 'बाहेर' लिहिलं. 30 जून ते 27 डिसेंबर, आत: जूनचा 1, जुलै 31, ऑगस्ट 31, सप्टेंबर 30, ऑक्टोबर 31, नोव्हेंबर 30, डिसेंबरचे 27. एकूण 181. बाहेर 185. बेरीज 366.

पोहोचल्याचा दिवस, 30 जून, मी मुद्दाम भारतातच धरला. यावर मतं दोन आहेत. अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाने 1995 सालच्या एका अर्जावर येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतातले धरले. नंतर बंगळुरू आणि मुंबईच्या न्यायाधिकरणांनी येण्याचा दिवस सोडून द्यावा असे निर्णय दिले आहेत. ते निर्णय वापरले तर आमचे 180च झाले असते. पण मी हा मुद्दा नेहमी मागे राखून ठेवते. रिटर्नमधला आकडा सर्वांत कडक मोजणीतून आलेला असावा, आणि अधिकाऱ्याने तोही खोडायचा प्रयत्न केला तर हे निर्णय पुढे करता येतात. आधीच ते खर्चून टाकले तर मागे काही उरत नाही.

त्याचं भारतातलं उत्पन्न म्हणजे ठेवींचं व्याज आणि थोडं भाडं, 15 लाखांच्या पुष्कळ खाली. त्यामुळे 2020-21पासून आलेल्या त्या दुसऱ्या कलमाचा, म्हणजे कुठल्याच देशात कर न भरणाऱ्या नागरिकाला रेसिडेंट मानण्याचा, प्रश्न आला नाही. रिटर्नच्या फॉर्ममध्ये यंदाचे भारतातले दिवस आणि मागच्या चार वर्षांचे एकूण दिवस वेगवेगळे विचारतात. पहिल्या रकान्यात 181 टाकलं. जुन्या पासपोर्टचं ते पान रंगीत स्कॅन केलं, शिक्का वेगळा मोठा करून, आणि फाइलला तक्त्यासोबत लावलं. काकू एवढा वेळ गप्प बसून होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे जुनं पुस्तक अजून लागणार?" मी म्हटलं, "काकू, निदान सात-आठ वर्षं कुठेही देऊ नका."

निघताना त्याने ती शीट बनवणाऱ्या मित्राला माझ्यासमोरच फोन लावला आणि 365चं सांगितलं. मित्र दुसऱ्याच दिवशी आला. नेरूळचा, सेकंड ऑफिसर. त्याचंही गणित 184चं, आणि त्याचं तर रेखीव: सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट, 14 ऑगस्ट 2023ला फुजैराला साइन ऑन, 13 फेब्रुवारी 2024ला न्हावा शेवाला साइन ऑफ. ऑगस्टच्या 18 दिवसांपासून फेब्रुवारीच्या 13 दिवसांपर्यंत बरोबर 184. त्याचा 29 फेब्रुवारी मात्र घरात गेला होता. आणि उतरला भारताच्याच बंदरात, म्हणजे परतीच्या प्रवासाचा दिवसही नाही.

जातानाचं पाहिलं. मुंबई विमानतळाचा निर्गमनाचा शिक्का 12 ऑगस्टचा, साइन ऑन 14चं. मधला 13 ऑगस्ट पूर्ण बाहेर! तो हसला. मी वेळ विचारली. विमान 13 ऑगस्टला पहाटे 2:10ला सुटलं होतं. त्याने रात्री अकराच्या सुमारास इमिग्रेशन पार केलं म्हणून शिक्का 12चा पडला, पण 13 तारखेचे पहिले दोन तास तो गेटपाशी खुर्चीत बसून होता, मुंबईतच. शिक्का पुरावा असतो, पण कायदा विचारतो माणूस कुठे होता ते, आणि त्याच्या स्वतःच्या तिकिटावर 02:10 छापलेलं आहे. काही जण अशा वेळी शिक्का दाखवून मोकळे होतात. मला ते मान्य नाही, आणि येण्याच्या दिवसाचे ते निर्णयही त्याच्या उपयोगाचे नव्हते, कारण विमानाने परत येण्याचा दिवस त्याच्या वर्षात नव्हताच.

त्याला मी दोन्ही बाजू सांगितल्या, आणि माझ्या सहीने तो दिवस बाहेर जाणार नाही हेही. त्याने दोन दिवस विचार केला, बायकोशी बोलला, ठेव मोडली. 30 जुलैला त्याचं रिटर्न रेसिडेंट म्हणून भरलं, स्वयं-निर्धारण कराचं चलन आणि व्याज आधी जमा करून. जाताना त्याने लॅपटॉपवर शीट उघडली आणि 365च्या जागी वर्षाचे दिवस आपोआप काढणारं सूत्र माझ्याकडून घालून घेतलं:

```
=DATE(B1+1,3,31)-DATE(B1,4,1)+1
```

B1मध्ये आर्थिक वर्ष सुरू होतं ते साल. 2023 टाकलं, 366 आलं. 2024 टाकलं, 365. त्याने ती शीट तिथूनच ग्रुपवर पाठवली, आणि संध्याकाळपर्यंत मला आणखी तिघांचे सीडीसीचे फोटो आले होते.